वृत्तचितीची गणितं कोणत्या क्रमानं द्यावीत?

"सर, सूत्रं पाठ असतात, पहिली दोन-तीन गणितं पटापट होतात, मग पोट्टे एकदम अडतात. गणितं कोणत्या क्रमानं द्यावीत?"

एका गणितात एकच नवी अडचण घाला. पहिल्यात काहीच अडचण नको. त्रिज्या ७ सेमी, उंची १० सेमी घ्या, म्हणजे घनफळ १५४० घसेमी, वक्रपृष्ठफळ ४४० चौसेमी आणि एकूण पृष्ठफळ ७४८ चौसेमी येतं. तिन्ही काढून घ्या, कारण शेवटच्या दोघांत गोंधळ होतोच.

दुसऱ्यात त्रिज्येऐवजी व्यास द्या. फवारणीचं पाणी भरायचा ड्रम, व्यास ५६ सेमी, उंची ९० सेमी, तर पाणी किती लीटर? उत्तर २२१.७६ लीटर. ज्यानं व्यासच त्रिज्या धरला, त्याचं उत्तर चौपट, ८८७ लीटर येतं. तेव्हा चूक लगेच दाखवू नका, "एवढं पाणी घरच्या ड्रमात मावेल का?" एवढंच विचारा. शेतातल्या पोराला २०० लीटरचा ड्रम चांगला माहीत असतो.

खरा कस विहिरीच्या गणितात लागतो. ७ मी व्यासाची, १२ मी खोल विहीर खणली आणि निघालेली माती भोवती ७ मी रुंदीच्या गोल पट्ट्यात सारखी पसरली, तर थर किती उंच होईल? माती ४६२ घमी, इथपर्यंत सगळे येतात. घोळ पट्ट्याच्या क्षेत्रफळात होतो. बाहेरची त्रिज्या ३.५ + ७ = १०.५ मी. आता दोन्ही त्रिज्यांचे वर्ग करून वजा करायचे: ११०.२५ − १२.२५ = ९८. त्याला २२/७ नं गुणलं की ३०८ चौमी, म्हणून थर १.५ मी. बरीच मुलं आधी वजाबाकी करून मग वर्ग करतात. त्यांचे ९८ चे ४९ होतात आणि थर ३ मी येतो. वहीत बरोबर दुप्पट उत्तर दिसलं की चूक इथेच आहे हे समजा. आकडेमोडीआधी विहीर वरून कशी दिसते ते चित्र काढायला लावलं, तर दोन वर्तुळं डोळ्यांसमोर येतात आणि ही चूक बरीच कमी होते. प्रश्नात "माती फुगत नाही असे माना" हे मात्र लिहाच. खणलेला मुरूम जास्त जागा घेतो, आणि विहिरीचं काम पाहिलेला एखादा पोट्टा ते विचारणारच.

सगळ्यात शेवटी वाहतं पाणी. पाइपचा आतला व्यास ७ सेमी, वेग सेकंदाला २ मी. टाकीचा व्यास २.८ मी, उंची १.५ मी. ती किती वेळात भरेल? एका सेकंदात पाइपातून २०० सेमी लांबीची वृत्तचिती बाहेर पडते, हे उमगलं की गणित पहिल्यासारखंच सोपं. ती ७.७ लीटरची, टाकी ९२४० लीटरची, म्हणून २० मिनिटं. वेगाच्या २ मी चे २०० सेमी करायचे राहिले, तर उत्तर शंभरपट म्हणजे २००० मिनिटं येतं. तेहतीस तासांहून जास्त मोटर चालवावी लागली, तर टाकी नाही, पाइप तपासावा लागेल.