जारमधली ई. कोलाय

“मॅडम, जारमध्ये ऑक्सिजन नसतो ना? मग त्यात ई. कोलाय कशी वाढली? जार गळतोय का?”

ऑक्सिजनविना जंतू वाढवायचा हा जार बिचारा बहुतेक वेळा ठीक असतो. ई. कोलाय फॅकल्टेटिव्ह आहे. ऑक्सिजन मिळाला तर ती तो वापरते, नाही मिळाला तर साखर आंबवून भागवते. कॉलनी थोडी लहान येते, इतकंच. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसला ही सवलत नाही. हवा लागली की ती लगेच मरते असं नाही, काही तास तग धरते. पण तिची महत्त्वाची एन्झाइम्स ऑक्सिजनमुळे बंद पडतात आणि वाढ थांबते. अशांना ऑब्लिगेट अनएरोब म्हणतात. जार लावायचा तो त्यांच्यासाठी. बाकीच्यांना तिथं मज्जाव नसतो.

जार खरंच लागला का, ते आधी बघा. जारमध्ये ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या गॅसच्या पाकिटात १० मिली पाणी घातलं की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. झाकणाखालच्या जाळीतलं पॅलॅडियम त्या हायड्रोजनचा जारमधल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून पाणी करतं. म्हणून थोड्या वेळात झाकण कोमट लागतं आणि आतून दव धरतं. दव दिसलं नाही तर माझा पहिला संशय पॅलॅडियमवर जातो, कारण ओल बसली की ते काम करत नाही. दर वापरानंतर ते १६०° से.ला दोन तास तापवून कोरडं करायचं असतं, आणि नेमका हाच कंटाळा सगळ्यांना येतो. ऑक्सिजन संपल्याचं दाखवणारी मिथिलीन ब्लूची पट्टी निळ्याची पांढरी व्हायला मात्र काही तास लागतात, तेवढ्यात घाबरून झाकण उघडू नका. शिवाय आत स्यूडोमोनास एरुजिनोसाची एक प्लेट ठेवा. तिला हवा लागते, त्यामुळे ती वाढली तर जार फसला.

आता अपेंडिक्सच्या गळवातला पू घ्या. सिरिंजमधून आलेला, उग्र वासाचा. हवेतल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी नुसती ई. कोलाय. जार ४८ तासांनी उघडला तर ब्लड अगारवर पुन्हा तीच, आणि तिच्या पसाऱ्यात बारीक, करड्या, चकचकीत कॉलनी. रिपोर्टमध्ये घाईनं ‘अनएरोब’ लिहायचं नाही. प्रत्येक प्रकारची एकेक कॉलनी दोन प्लेटवर लावा, एक हवेत आणि एक जारमध्ये. ई. कोलाय दोन्हीकडे येईल. बारीकवाली फक्त जारमध्येच आली, तर ती ऑब्लिगेट अनएरोब. पहिल्याच प्लेटवर मेट्रोनिडॅझोलची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवली असेल, तर ती शोधणंही सोपं जातं: डिस्कभोवती ई. कोलाय बिनधास्त वाढते, बॅक्टेरॉइड्स लांब राहते. नावाची खात्री त्यानंतरच्या टेस्टनी करायची.