प्रोजेक्ट रिपोर्ट तपासताना

माझ्या मावसबहिणीला कुपवाडला हळद पावडरचं युनिट काढायचं होतं. खर्च ६ लाख. त्यात बँकेचं कर्ज ५ लाख ४० हजार आणि तिचे स्वतःचे ६० हजार. बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा मजकूर तिने लिहिला होता, तक्ते सीएच्या ऑफिसातून आले होते. "दादा, शुद्धलेखन तेवढं बघ," म्हणाली. मी प्रिंट काढली आणि मजकुरातल्या प्रत्येक आकड्याला पेन्सिलीने गोल करून शेजारी तो कुठल्या तक्त्यात येतो ते लिहीत गेलो. जुळला नाही, तिथे प्रश्नचिन्ह.

पहिलं प्रश्नचिन्ह उत्पादनावर आलं. मजकूर सांगत होता: दिवसाला ५० किलो क्षमता, वर्षाला ३०० दिवस, पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के काम. म्हणजे ९,००० किलो. खरेदीच्या तक्त्यात मार्केट यार्डातून घ्यायची हळकुंडं ९,००० किलो होती, तेही बरोबर. पण विक्रीच्या तक्त्यातही पावडर ९,००० किलोच! मजकुरात तर "निवडताना आणि दळताना ५ टक्के घट" असं तिनेच लिहिलेलं. घट धरली की पावडर उरते ८,५५० किलो. किलोला २२० रुपये दराने विक्री १९ लाख ८० हजारांवरून १८ लाख ८१ हजारांवर येते, आणि ते ९९ हजार जवळजवळ सगळे नफ्यातूनच जातात. घट खरंच ५ टक्के आहे का, हे मी ठरवणार नव्हतो. समासात प्रश्न लिहून तिच्यावर सोडलं. तिने गिरणीवाल्याला विचारून ५ टक्केच कायम ठेवले.

दुसरी गाठ हप्त्यांची. मजकुरात "मुदत पाच वर्षं, त्यातले पहिले सहा महिने फक्त व्याज" असं होतं. तक्त्यात मात्र पहिल्या महिन्यापासून मुद्दलाचे ९,००० रुपयांचे ६० हप्ते. सवलत धरली तर हप्ते ५४ आणि प्रत्येकी १०,०००. पहिल्या वर्षी मुद्दल १ लाख ८ हजारांऐवजी ६० हजार जाते, दुसऱ्या वर्षापासून मात्र १ लाख २० हजार. कर्ज फेडण्याची ताकद बँक याच आकड्यांवरून मोजते, म्हणून हे सीएकडूनच दुरुस्त करून घ्यायला सांगितलं.

शब्दांचाही घोळ होता. "भांडवल" कुठे तिच्या ६० हजारांना, कुठे ६ लाखांना, कुठे कच्च्या मालात अडकणाऱ्या पैशाला. आम्ही स्वतःचा हिस्सा, प्रकल्प खर्च आणि खेळतं भांडवल असे तीन शब्द पक्के केले आणि तक्त्यांची शीर्षकंही तशीच बदलून घेतली.

दुरुस्त प्रत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. पावडर कमी झाली तशी एक किलोच्या पिशव्यांची संख्याही कमी व्हायला हवी होती. ती तशीच राहिलेली. आणि पहिल्या पानावरच्या सारांशात अजून १९ लाख ८० हजारच छापलेले होते. ते बदलून आल्यावरच तिने सही केली.