फक्कीच्या रेषांवरून गेलेली तिरडी

मे महिना होता. पाटण तालुक्यात कोयनेच्या काठच्या एका गावात मी स्मशानशेडची आखणी करायला गेलो होतो. काम लहान, निधी ग्रामपंचायतीचा, नकाशा मंजूर. गवंडी दोरी धरून उभा होता आणि त्याचा पोरगा फक्कीने पांढऱ्या रेषा ओढत होता.

नकाशा मी मनापासून काढला होता. शेड कशासाठी, तर पावसात चिता विझू नये म्हणून. त्यामुळे धूर वर जायला हवा आणि आचेने छप्पर खराब व्हायला नको. तिथली जुनी शेड या दोन्हींत नापास झाली होती. तिचं छप्पर जेमतेम दहा फुटांवर होतं, त्यामुळे पत्र्यावरचा जस्ताचा थर जळून गंज चढला होता. खांब चितेला इतके चिकटून होते की तापून-निवून काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते आणि आतल्या सळ्या दिसत होत्या. मी छप्पर अठरा फुटांवर नेलं, आढ्याला धुरासाठी उघडी फट ठेवली आणि तिच्यावर वेगळी टोपी दिली. चितेच्या लोखंडी सांगाड्याभोवती बारा बाय नऊ फूट मोकळी जागा, मग चार खांब, समोर लोकांना बसायला दोन बाक. वर येणारा रस्ता सरळ करायचा होता आणि मधे आडवा पडलेला एक काळा दगड काढून टाकायचा होता.

साडेदहाच्या सुमाराला गवंडी म्हणाला, "साहेब, थांबूया. मयत येतीय."

आम्ही दोरी गुंडाळून करंजाखाली सरकलो. फक्कीच्या रेषा तशाच राहिल्या.

तिरडी वर आली आणि थेट त्या दगडापाशी थांबली. खाली ठेवली, पुढचे खांदेकरी मागे गेले, मागचे पुढे आले. हा विसावा. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, तरी नकाशात मी त्या दगडाला 'अडथळा' म्हटलं होतं. मग मंडळी माझ्या रेषांवरून आत शिरली. सरण रचलं गेलं. मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरे घालू लागला आणि मडक्याला दगडाने भोक पाडणारा माणूस त्याच्या बाजूने चालत होता. दोन माणसं शेजारी शेजारी. फक्कीत आखलेला खांब दर कोपऱ्यावर त्यांच्या पायाखाली येत होता. उद्या तिथे खरा खांब असता, तर मुलाला चितेला घासून जावं लागलं असतं, नाहीतर खांबाबाहेरून, पावसात.

मी तिथेच वहीत हिशेब केला. सांगाडा सात फूट लांब, साडेतीन रुंद. दोघांना चालायला प्रत्येक बाजूला चार फूट. म्हणजे खांबांच्या आत पंधरा बाय साडेअकरा हवेत. माझे बारा बाय नऊ आगीच्या हिशेबाने कसेबसे बसत होते, माणसांच्या हिशेबाने नाही.

अग्नी दिल्यावर लोक पांगले, पण गेले नाहीत. कवटी फुटेपर्यंत थांबायचं असतं. मी ज्या बाजूला बाक आखले होते, तिथे कुणीच बसलं नाही. सगळे नदीच्या अंगाला, उतारावर, चितेकडे खांदा करून बसले. शेजारी बसलेल्या आबांना मी बाकांचं विचारलं.

"जळताना टक लावून कोण बघतंय?" ते म्हणाले. "पान्याकडं बघत बसत्यात. ध्यान असतंयच मागं." मग फक्कीकडे बोट दाखवून, "आनि ह्यो पत्रा कुठवर येनार?"

मी दाखवलं.

"मग तिसऱ्या दिशी सावडल्यावर निवद कुठं ठेवायचा? पत्र्याखाली कावळा शिवतोय व्हय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या लेखी शेडचं काम आग विझली की संपत होतं. त्यांच्या लेखी ते तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं आणि त्यातला शेवटचा निर्णय एक पक्षी घेतो. त्याला मोकळं आभाळ आणि उतरण्याआधी बसायला फांदी लागते.

संध्याकाळी ऑफिसात हे सांगितलं आणि इमारतीचा आकार नुसत्या उपयोगावरून ठरत नाही असं म्हणालो, तर सहकारी इंजिनिअर म्हणाला, "यात उपयोगाला डावललं कुठे? तुझी यादीच अपुरी होती. विसावा, फेरे, कावळा यादीत घाल, आकार आपोआप निघेल." आक्षेप बिनतोड वाटला. 'आकार उपयोगामागून येतो' हे अमेरिकन वास्तुकार लुई सुलिव्हननं 1896 साली लिहिलेलं वाक्य आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी पाजलेलं असतं. (सुलिव्हनच्या सेंट लुईसमधल्या वेनराईट इमारतीत मात्र खिडक्यांमधल्या उभ्या खांबांपैकी एकाआड एकातच पोलाद आहे. बाकीचे इमारत उंच दिसावी म्हणून आहेत. हे दुसऱ्या वर्षी कळतं.)

मी यादी पूर्ण केली आणि त्याच यादीवरून तीन नकाशे काढले. पहिल्यात दोन उतारांचं छप्पर, दुसऱ्यात पश्चिमेकडून येणारी झड अडवणारं एकाच उताराचं, तिसऱ्यात चौपाखी. तिन्हींत फेरे बसत होते, धूर जात होता, निवदाचा कट्टा उघड्यावर करंजाजवळ होता. खर्चातही फार फरक नव्हता. यादीला जे सांगता येत होतं ते सांगून झालं होतं आणि तरी तीन इमारती शिल्लक होत्या.

ग्रामसभेत तिन्ही भिंतीवर लावले. एकाच उताराची शेड मला सगळ्यात आवडली होती. तिच्याकडे बघून एक बाई म्हणाल्या, "ह्यो तर यस्टी स्टँड." विषय संपला. चौपाखीला कुणी नाव ठेवलं नाही, पण नदीकडची पाखी फार खाली आली होती आणि बसलेल्या माणसाला पाणी दिसत नव्हतं. दोन उतारांची शेड ठरली, आढं नदीकडे तोंड करून, त्या बाजूचा त्रिकोण पूर्ण उघडा. झड अडवायला पश्चिमेला विटांची जाळी घालावी लागली. ते तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं उत्तर नव्हतं.

सभेत आणखी एक गोष्ट निघाली. वरच्या वाडीची मयत गावातून येत नाही, ओढ्याच्या बाजूने येते. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. त्यांचा विसावा वेगळा, एका बांधावर. संस्कृती म्हटली की सगळं जपण्यासारखंच असतं असं नाही. शेड सगळ्यांची एकच, हे सभेने ठरवलं. मी दोन्ही वाटा ठेवल्या, पण शेवटचे चाळीस फूट एकत्र आणले. त्याहून जास्त नकाशाने होत नाही.

जागेनेही आपलं म्हणणं खरं केलंच. आबांना चिता पाण्यालगत हवी होती, पूर्वी होती तशी. पण वर कोयना धरण आहे. दरवाजे उघडले की पाणी कुठवर चढतं ते पूररेषेच्या नकाशावर आहे आणि सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा जुन्या शेडच्या डोक्यावरून जात होती. शेड वरच्या टप्प्यावर न्यावी लागली. नदीपर्यंत काळ्या दगडाच्या पायऱ्या केल्या, छत्तीस. आबा अजून कुरकुरतात की गुडघे दुखणाऱ्यानं उतरायचं कसं. बरोबर आहे त्यांचं.

दगड हलवला नाही. रस्ता त्याला वळसा घालून जातो. मोजमाप घेताना कनिष्ठ अभियंत्यांनी एमबीत, म्हणजे मोजमाप-वहीत, वळणाचं कारण लिहायला विचारलं. मी 'विसावा' म्हणालो. असा शब्द चालणार नाही म्हणाले. मग त्यांनीच थोडा विचार केला आणि लिहिलं: जागेवरील कायमस्वरूपी अडथळा.