रिक्षा गेम अपडेट: फिल्टरनं 'भाडं'च बंद पाडलं

मागच्या अपडेटमध्ये मी छाती फुगवून लिहिलं होतं की चॅट फिल्टर संपला, आता पुढं ट्रॅफिकच्या एआयवर काम. ते शब्द मागे घेतो. रविवारी रात्री चौदा जण एका रूममध्ये होते, सगळे आपापल्या रिक्षा घेऊन सीबीएस ते रंकाळा पळवत होते. पंधराव्या मिनिटाला चॅटमध्ये नुसती चांदणी रात्र. आणि गंमत म्हणजे ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्या शिव्या स्वच्छ दिसत होत्या.

पहिली तक्रार आली शेजारच्या काकांकडून. ते खरोखरचे रिक्षावाले आहेत आणि टेस्टिंगला हौसेनं येतात. त्यांनी लिहिलं होतं "भाड्याने घेतलेली रिक्षा हाय, जपून चालवतो". स्क्रीनवर आलं "******ने घेतलेली रिक्षा हाय". खाली लगेच काकांचा दुसरा मेसेज: "आरं, मी काय वंगाळ बोललो व्हय?" त्याच वेळी माझा पुतण्या कुणाला तरी मोकळ्या आवाजात 'भाड्या' म्हणत होता आणि फिल्टर शांत.

म्हणजे फिल्टर नुसता चुकत नव्हता, बरोबर उलटा चालत होता. रिक्षाच्या गेममध्ये भाडं हा शब्द दर दोन वाक्यांनी येणार, हे मला यादी बनवतानाच सुचायला हवं होतं. पण सुचलं असतं तरी हा उलटा प्रकार कळला नसता. सोमवारची अख्खी संध्याकाळ मी नॉर्मलायझरवर संशय घेत बसलो, कारण तिथं आधी एकदा हात पोळला होता. (Mn वर्गातली सगळी चिन्हं उडवली आणि 'कुत्रा'चा 'कतरा' झाला, तो घोळ आठवत असेल.) पण नॉर्मलायझर निर्दोष निघाला. खरा सुगावा त्या चांदण्यांच्या मागे उरलेल्या 'ने'मध्ये होता. शब्द पूर्ण जुळल्याशिवाय पकडायचा नाही म्हणून मी दोन्ही टोकांना \b लावलं होतं. मग 'ने' मागे राहिलाच कसा?

हे चालवून बघा:

```python
re.search(r'\bभाड्या\b', 'भाड्या')    # None
re.search(r'\bभाड्या\b', 'भाड्याने')  # सापडलं
```

पायथॉनच्या re मध्ये \b म्हणजे 'शब्दाचं अक्षर' आणि 'शब्दाबाहेरचं काहीतरी' यांच्यामधली सीमा. आणि त्याच्या लेखी अक्षर म्हणजे ज्याला isalnum() हो म्हणतं ते. भ, ड, य, न ही अक्षरं त्यात बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलंत यातलं काहीही बसत नाही. त्यामुळे 'भाड्या'च्या शेवटचा काना त्याला विरामचिन्हासारखा दिसतो. काना आणि त्यापुढची मोकळी जागा, दोन्ही 'बाहेरचे', म्हणून तिथं सीमा नाही आणि शिवी सुटते. 'भाड्याने'मध्ये मात्र कान्यानंतर 'न' येतो, म्हणजे बाहेरून आत, म्हणजे सीमा. पकडलं! व्यंजनानं संपणाऱ्या शिव्या नीट पकडल्या जात होत्या, म्हणून माझ्या आधीच्या टेस्ट हिरव्या दिसत होत्या. पण मराठीत हाक मारताना शब्द बहुतेक वेळा 'आ'कारान्त होतो, आणि शिवी ही शेवटी हाकच असते.

आता \b काढूनच टाकलं. आधी देवनागरी टोकन वेगळे करतो, मग टोकन जसाच्या तसा यादीत शोधतो:

```python
re.findall('[\u0900-\u0963\u0971-\u097f]+', s)
```

मधला तुकडा मुद्दाम वगळलाय, तिथं दंड आणि आकडे येतात. regex हे वेगळं मॉड्यूल मात्रा नीट सांभाळतं, ज्यांना सगळा कोड बदलायचा नाही त्यांनी ते वापरा. मला हे दोन ओळींचं जास्त आवडलं, कारण काय चाललंय ते दिसतं.

टोकन करण्याआधीचा नॉर्मलायझर आता असा आहे: NFD करायचं, मग नुक्ता, अवग्रह आणि दोन्ही अदृश्य जोडचिन्हं काढायची. NFD यासाठी की 'भिकाऱ्या' लोक दोन प्रकारे टाइप करतात. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि ZWJ. डोळ्यांना दोन्ही सारखेच. NFD मध्ये ऱ फुटून र आणि नुक्ता होतो, नुक्ता काढला की दोन्ही एकाच रूपात येतात. न् किंवा ण् पुढे ट-वर्गातलं अक्षर आलं की अनुस्वार करतो, ऱ्हस्व-दीर्घ एक करतो. आणि आपल्या लोकांची खास सवय, "भाsssड्या" असं इंग्रजी एस घालून लांबवणं, त्यासाठी दोन देवनागरी अक्षरांमधले s उडवतो. एवढं सगळं करूनही 'अ' आणि काना वेगवेगळे टाइप करून केलेला 'आ' खऱ्या 'आ'शी जुळत नाही. युनिकोड त्या दोघांना समान मानतच नाही, त्यामुळे कुठलंही NF-काहीतरी कामाला येत नाही. त्याची जोडी हातानं लिहावी लागली. ॲ आणि अॅ यांचंही तेच.

इथवर तांत्रिक चूक होती. आता खरं कोडं. भाडं या शब्दाचं सामान्यरूप 'भाड्या', आणि शिवीचंही 'भाड्या'. "भाड्याला चाललोय" हे रिक्षावाल्याचं रोजचं वाक्य. "भाड्याला सांग, वळण माझं होतं" ही शिवी. अक्षरन् अक्षर तेच. आधी वाटलं मागचा शब्द बघावा, 'त्या', 'ह्या', 'ए', 'अरे' असेल तर शिवी. तासभर ते लिहिलं आणि मग पुतण्यानं टाइप केलं, "त्या भाड्याने पेट्रोलचा खर्चपण निघाला नाही". मी लिहिलेलं पुसलं.

शेवटी ठरवलं ते असं. प्रत्यय लागलेला 'भाड्या' सोडून द्यायचा, कितीही संशयास्पद असला तरी. सुटा 'भाड्या' अडवायचा, पण पुढचा टोकन 'ने', 'ला', 'साठी', 'पोटी', 'ऐवजी' असा असेल तर नाही, कारण फोनवर लोक प्रत्यय तोडून लिहितात. आणि 'भाड्यांनो' बिनदिक्कत अडवायचा. भाड्याला कुणी "अहो भाड्यांनो" अशी हाक मारत नाही! हा एक नियम सुचला तेव्हा मी उठून चहा केला. काही शिव्या सुटतील, ते मान्य आहे. या गेममध्ये एक शिवी सुटण्यापेक्षा दहा भाडी अडणं जास्त त्रासाचं.

रोमनमध्ये वेगळंच रामायण. तिथं ह लोक खातात, 'bhadya'चं 'badya' करतात, म्हणून मी मेसेज आणि यादी दोन्हींतून h काढून मग जुळवत होतो. प्रत्यय पकडले जावेत म्हणून नुसती सुरुवात जुळली तरी अडवत होतो. परिणाम: Gandhinagar. गेममध्ये गांधीनगर हा स्टॉप आहे, कापडाच्या गठ्ठ्यांची सगळी भाडी तिथलीच. h गेला की उरतं gandinagar, आणि त्याची पहिली चार अक्षरं कुठल्या अवयवावर जातात ते सांगायला नको. त्याच हिशेबात "random map लाव" म्हणणारापण अडकला.

चूक अशी की h काढणं हे दोन्ही बाजूंनी सैल होतं. लोक h गाळतात हे खरं, पण ड च्या जागी dh सहसा लिहीत नाहीत. सैलपणा एकाच दिशेनं हवा. म्हणून मेसेजला आता हात लावत नाही, फक्त लोअरकेस करतो. सैलपणा यादीतल्या प्रत्येक शब्दाच्या पॅटर्नमध्ये ठेवतो: भ असेल तिथं h ऐच्छिक, ड असेल तिथं h चालणारच नाही. शेवटी ठरावीक प्रत्ययांपैकीच काहीतरी, नाहीतर टोकन संपलेला असायला हवा. गांधीनगर सुटलं, random सुटलं.

मी खूश होऊन `bh?a+d+(y|i)+a+` असा पॅटर्न चढवला आणि दुसऱ्या दिवशी इचलकरंजीच्या दोन पोरांनी एकमेकांना "badiya bhai" म्हटलं. बढिया! बिचारे कौतुक करत होते. आता दोन पॅटर्न आहेत: bh असेल तर मधला i चालतो, नुसता b असेल तर फक्त y. 'badya' कुणाचं टोपणनाव निघालं तर काय, हा विचार मी सध्या करत नाही.

तयार याद्यांबद्दल दोन शब्द. नेटवरून उतरवलेली एक लांबलचक यादी मी आधी वापरत होतो. त्यात बहुतेक हिंदी रोमन, मराठी जवळजवळ नाही, आणि जी आहे ती पुस्तकी. एका पैसे घेणाऱ्या फिल्टर सेवेचा फुकटचा प्लॅनही वापरून पाहिला, इंग्रजी झकास पकडते, कोल्हापुरी तिच्या डोक्यावरून जाते. शेवटी आपल्याच चॅट लॉगमधून हातानं काढलेले साठ-सत्तर शब्द त्या सगळ्यापेक्षा कामाचे ठरले. आणि हो, न अडवायच्या वाक्यांची दुसरी यादी तेवढ्याच मेहनतीनं ठेवा. माझ्या यादीत पहिलं वाक्य काकांचं आहे, दुसरं "गांडूळखत कुठं मिळतं?".

आकड्यांनी लिहिलेलं, म्हणजे bh4dya, हे अक्षरं दोन्ही बाजूंना असतील तरच बदलतो. आधी सरसकट बदलत होतो तर MH09 चं mhog होत होतं. निरुपद्रवी, पण रिक्षाच्या गेममध्ये नंबरप्लेट बिघडलेली बघवेना.

हे लिहिता लिहिता वाटतंय की मित्रांच्या बंद रूममध्ये फिल्टर मुळातच बंद ठेवावा. आमच्याकडं दोन जिवलग एकमेकांना "रांडेच्या, जेवलास का" असंच विचारतात, तिथं चांदण्या म्हणजे आगाऊपणा. फिल्टर फक्त उघड्या स्टँडवर, आणि बंद रूमचा स्विच रूम काढणाऱ्याच्या हातात. ट्रॅफिकच्या आधी हेच करतो. चांदण्यांची संख्याही बदलायचीय. 'भाड्या'ला सहा येतात कारण कोडपॉइंट सहा आहेत, दिसायला अक्षरं दोनच. सरळ तीन ठोकून देईन.

पुतण्यानं काल रात्री नवीन फिल्टर दहा मिनिटांत फोडला. एका मेसेजमध्ये "bha", पुढच्यात "dya". एकाच माणसाचे पाच सेकंदांतले मेसेज जोडून तपासायला घेतलेत. पण काकांनी "भाड्या" लिहून चुकून एंटर दाबलं आणि "ला चाललो" पुढच्या मेसेजमध्ये आलं, तेव्हा पहिला मेसेज आधीच अडवला गेला होता. म्हणजे सुट्या 'भाड्या'वर निर्णय द्यायला दोन सेकंद थांबावं लागेल. चॅट तेवढं उशिरा आलेलं चालेल का, ते या रविवारी बघू.