पहिला बँड जागेवर, दुसरा खाली: क्रोमियमच्या दोन संकुलांनी मला B शिकवला

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मला दोन संकुलांचे वर्णपट घेऊन रॅका पॅरामीटर B, म्हणजे d इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाचं माप, काढायचा होता. एक [Cr(H2O)6]³⁺, दुसरं [Cr(C2O4)3]³⁻. सोपं वाटलं. पाण्याच्या संकुलासाठी क्रोम तुरटी घेतली आणि लवकर विरघळावी म्हणून द्रावण गरम केलं. जांभळं द्रावण हिरवं झालं! गरम केल्यावर सल्फेट आयन क्रोमियमला बिलगतो, मग सहा पाण्यांचं संकुल उरत नाही. ते ओतून दिलं आणि थंड, किंचित आम्लयुक्त पाण्यात पुन्हा विरघळवलं.

दोन्ही वर्णपट शेजारी ठेवले तेव्हा कोडं पडलं. पाण्याच्या संकुलाचे बँड ५७५ आणि ४०८ नॅनोमीटरला, ऑक्झलेटचे ५७१ आणि ४१८ ला. म्हणजे १७,४०० व २४,५०० सेमी⁻¹, आणि १७,५०० व २३,९०० सेमी⁻¹. पहिला बँड जवळजवळ तिथेच, दुसरा मात्र ६०० सेमी⁻¹ खाली. मी वहीत ठोकून दिलं, ‘ऑक्झलेटचं लिगँड क्षेत्र दुबळं आहे.’

मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “क्षेत्र दुबळं असतं तर पहिला बँड का नाही उतरला?”

खरंच की. d³ मध्ये, म्हणजे Cr³⁺ सारखे तीन d इलेक्ट्रॉन असताना, पहिल्या बँडची ऊर्जा म्हणजे थेट Δ, लिगँड क्षेत्राने d ऑर्बिटलांमध्ये पाडलेलं ऊर्जेचं अंतर. तिच्यात B येतच नाही. Δ दोघांचा सारखा, मग दुसऱ्या बँडमधली घट दुसऱ्या कशातून तरी यायला हवी.

मग ऑर्बिटल काढून बघितली. पहिल्या संक्रमणात इलेक्ट्रॉन ढोबळमानाने xy मधून x²−y² मध्ये जातो, म्हणजे त्याच प्रतलात राहून ४५ अंशांनी वळतो. दुसऱ्यात तो z² मध्ये जातो, जिथे xz आणि yz मधले दोन इलेक्ट्रॉन आधीच z अक्षाजवळ वावरत असतात. गर्दी वाढली, प्रतिकर्षण वाढलं. हा जादा खर्च सुमारे 12B. वरच्या ⁴T1g(P) अवस्थेशी मिसळण झाल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. म्हणून दोन बँडमधलं अंतर B सांगतं. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बँडच्या ऊर्जा ν1, ν2, ν3 म्हटल्या, तर मिसळण धरून सूत्र असं:

```
B = (2ν1² + ν2² − 3ν1ν2) / (15ν2 − 27ν1)
```

पाण्यासाठी ७१५ सेमी⁻¹ आलं, ऑक्झलेटसाठी ६२३. मुक्त Cr³⁺ आयनाचा B ९१८ धरला, तर गुणोत्तर β अनुक्रमे ०.७८ आणि ०.६८. उलटा हिशोबही केला: ऑक्झलेटचा Δ तोच ठेवून B मुक्त आयनाचा घातला, तर दुसरा बँड २५,९५० च्या आसपास, म्हणजे ३८५ नॅनोमीटरला यायला हवा होता. तो दिसतो ४१८ ला. तेवढं प्रतिकर्षण सहसंयुजतेने खाल्लं.

खाल्लं कसं? d इलेक्ट्रॉनचा ढग आता फक्त क्रोमियमचा राहत नाही, लिगँडच्या अणूंवरही थोडा पसरतो. शिवाय लिगँड इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे धातूचा परिणामी भार कमी होतो आणि d ऑर्बिटल फुगतात. इलेक्ट्रॉन सरासरीने दूर गेले की प्रतिकर्षण उतरतं. यॉर्गेन्सेनने याला नेफेलॉक्झेटिक, म्हणजे ढग विस्तारणारा परिणाम म्हटलं. लक्षात घ्या, यावरून Δ बद्दल काही ठरत नाही. सहसंयुजता वाढली म्हणून प्रत्येक d-d बँड खाली यायला हवा, असं नाही. ज्याच्या ऊर्जेत B चा वाटा आहे तोच उतरतो.

आता माझ्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? ऑक्झलेटचा पहिला बँड इतका रुंद आहे की शिखर नेमकं ५७१ ला की ५६६ ला, यावर वाद घालता येतो. ५६६ धरलं तर B ६२३ वरून ६०१ वर येतो. तिसरा बँड हाताशी असता तर पडताळता आलं असतं, पण गणितानुसार तो ऑक्झलेटमध्ये २६४ नॅनोमीटरजवळ येतो आणि तिथल्या प्रचंड शोषणाखाली बुडतो. पाण्याच्या संकुलात तो ३७,८०० ला सापडतो, आणि ν2 + ν3 = 3Δ + 15B वापरलं की B ७१५ ऐवजी ६७३ येतो. एकच संकुल, दोन उत्तरं! भरीला, मुक्त आयनाचा B काही तक्त्यांत ९१८ तर काहींत १०३० दिलेला असतो.

म्हणून अहवालात β च्या शेजारी पद्धत आणि मुक्त आयनाचा आकडा दोन्ही लिहिले. पाणी आणि ऑक्झलेट एकाच सूत्राने, त्याच दोन बँडवरून मोजले, म्हणून ०.७८ आणि ०.६८ हा फरक मी मानतो. ‘दुबळं क्षेत्र’वालं वाक्य लाल पेनाने खोडलेलं अजून वहीत आहे.