कर्मणी, भावे आणि स्पॅनिशमधलं ‘से’

बुधवार, रात्र

आज स्पॅनिशच्या वर्गात बटाट्याच्या तोर्तिय्याची, म्हणजे स्पॅनिश ऑम्लेटची कृती वाचायला घेतली. करणारा न सांगता काम सांगणारं ‘से’ पाककृतीत ओळीओळीत येतं, म्हणून मुद्दाम तीच निवडली होती. ‘से पेलान लास पातातास’, म्हणजे बटाटे सोलावेत. ‘से पीका ला सेबोया’, म्हणजे कांदा चिरावा. ‘से बातेन लोस उएबोस’, म्हणजे अंडी फेटावीत. बटाटे अनेक म्हणून क्रियापद ‘पेलान’, कांदा एक म्हणून ‘पीका’. सोलणारा कोण, याचा पत्ताच नाही आणि तो कुणाला नकोही आहे.

मुलं मात्र आधी मनात इंग्रजी पॅसिव्ह तयार करतात आणि मग ‘सेर’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाची रूपं शोधत बसतात. ‘लास पातातास सोन पेलादास’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण अशा कृतीत कुठलीही स्पॅनिश गृहिणी तसं लिहिणार नाही. मला वाटतं, मराठी मुलाला इथे इंग्रजीची गरजच नाही. ‘बटाटे सोलावेत, कांदा चिरावा’ या कर्मणी प्रयोगातही क्रियापद कर्मामागेच जातं. पॅसिव्ह ‘से’ नेमकं हेच करतं.

खरी अडचण पुढे आली. एकीने विचारलं, “मॅडम, चोर पकडले गेले, हे ‘से’ने कसं म्हणायचं?” तिने स्वतःच नियम लावून उत्तर दिलं: ‘से देतुबिएरोन लोस लाद्रोनेस’. चोर अनेक, क्रियापद अनेकवचनी. पण या वाक्याचा सरळ अर्थ ‘चोर थांबले’ असा होतो. बटाटे स्वतःला सोलत नाहीत, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. माणसं मात्र स्वतःहून थांबू शकतात, आणि ‘से’ आपलं ‘स्वतः’ हे काम करायला लागतं.

यावर स्पॅनिशने काढलेला तोडगा मला फार आवडतो. ठरावीक माणूस कर्म असला की त्याच्याआधी ‘आ’ लावायचा आणि क्रियापद एकवचनात गोठवायचं: ‘से देतुबो आ लोस लाद्रोनेस’. चोर दोन असोत की दहा, ‘देतुबो’च. हे इम्पर्सनल ‘से’. इथे चोर कर्ता नाहीत, कर्मच आहेत, म्हणून क्रियापदाला त्यांच्या वचनाशी देणंघेणं नाही.

फळ्यावर शेजारी मी मराठी लिहिलं: ‘चोर पकडले’, ‘चोरांना पकडलं’. पहिलं कर्मणी, दुसरं भावे. ‘ना’ लागल्याबरोबर आपलंही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. आपला ‘ला-ना’ प्रत्ययही बहुतेक ठरावीक, सजीव कर्मालाच लागतो, स्पॅनिशच्या ‘आ’सारखा. त्यानंतर वर्गात कुणी नियम विचारला नाही.

मग जाहिराती घेतल्या. ‘से बुस्कान कामारेरोस’: वेटर पाहिजेत, कोणीही चालतील. म्हणून ‘आ’ नाही आणि क्रियापद अनेकवचनी. ‘से बुस्का आ लोस तेस्तीगोस’: त्या साक्षीदारांचा शोध चालू आहे. ठरावीक माणसं, म्हणून ‘आ’ आणि एकवचन. दुकानांवर किंवा भिंतीवर ‘से बेंदे पीसोस’ असंही दिसतं, फ्लॅट अनेक आणि क्रियापद एकवचनी. बोलण्यात ते चालतं, पण स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा कल ‘बेंदेन’कडे आहे आणि परीक्षेत मीही तेच मागते. जिथे कर्मच नाही तिथे प्रश्नच उरत नाही: ‘आकी से बीबे बिएन’, इथलं जगणं छान आहे. तिथे एकवचनच.

मराठीशी जोडी एका ठिकाणी मात्र सुटते आणि ते स्पष्ट सांगायला हवं. आपण ‘पोलिसांनी चोरांना पकडलं’ म्हणतो, कर्ता खुशाल उभा असतो. ‘से’च्या वाक्यात त्याला जागा नाही. ‘पोर ला पोलिसीआ’, म्हणजे ‘पोलिसांकडून’, जोडायचं असेल तर ‘से’ सोडून ‘फुएरोन देतेनीदोस’, म्हणजे ‘पकडले गेले’, घ्यावं लागतं. वर्तमानपत्रात ते शोभतं. बोलताना सरळ ‘ला पोलिसीआ देतुबो आ लोस लाद्रोनेस’ म्हणावं. इंग्रजी वाक्यात ‘बाय’ आला की आधी इथेच थांबायचं, हे मी मुलांना आज दोनदा सांगितलं.

इंग्रजीतलं ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ तर जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये येतच नाही. ज्याला दिलं तो स्पॅनिशमध्ये कर्ता होऊ शकत नाही. ‘मे दिएरोन उन लीब्रो’, म्हणजे मला पुस्तक दिलं. कोणी दिलं ते गाळायला तृतीयपुरुषी अनेकवचन पुरतं.

शेवटी ‘लेबांतार्से’, उठणे. या क्रियापदात ‘से’ आधीच आहे, त्यामुळे ‘इथे लोक लवकर उठतात’ म्हणायला दुसरं ‘से’ लावता येत नाही, ‘से से लेबांता’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘ऊनो’ येतो: ‘आकी ऊनो से लेबांता तेम्प्रानो’. पुढच्या तासाला अशीच क्रियापदं घ्यायची आहेत: आंघोळ करणे, कपडे घालणे, कंटाळणे.