पंचवीस की दहा हजार? डी३ च्या बाटलीवरचे दोन आकडे

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘डी३, रोज १००० आययू’ असं लिहिलं होतं, म्हणजे डी३ जीवनसत्त्वाची हजार आंतरराष्ट्रीय एककं. आधीच्या बाटलीवरही तसंच छापलेलं असायचं, त्यामुळे डोकं चालवायची वेळच आली नव्हती. ती बाटली संपली आणि दुसऱ्या कंपनीची आणली, तर तिच्यावर आययू हा शब्दच नाही. मागच्या तक्त्यात ‘व्हिटॅमिन डी३: २५ मायक्रोग्रॅम’.

हा हिशेब सोपा निघाला. डी जीवनसत्त्वाचं एक आययू म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम, म्हणजेच एका मायक्रोग्रॅममध्ये ४० आययू. २५ गुणिले ४० बरोबर १०००. जमलं. खूश होऊन बाटली ठेवणार, तेवढ्यात खाली बारीक अक्षरांतली घटकांची ओळ दिसली: ‘कोलेकॅल्सिफेरॉल १० मिलिग्रॅम’.

कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी३च. १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. त्याला ४० ने गुणलं तर चार लाख आययू! एकाच बाटलीवर वर २५ आणि खाली १०,०००, म्हणजे चारशे पटींचा फरक. मोठ्या माणसांसाठी रोजची वरची मर्यादा साधारण ४००० आययू, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम धरतात, हे मला माहीत होतं. गोळी हातात घेतली आणि परत बाटलीत टाकली.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ वाट पाहिल्यावर एक बाई आल्या. म्हणाल्या, “सर, दोन्ही आकडे बरोबर आहेत.” मी म्हटलं, दोन्ही कसे बरोबर असतील? तर पुन्हा, “सर, लेबल तपासूनच छापलेलं आहे.” ईमेल केला, तर उत्तर आलं की गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. अहो, सल्ला घेतलेलाच आहे, प्रश्न गुणाकाराचा आहे! पुन्हा फोन केला, दुसरं माणूस आलं, तेच वाक्य. त्या चार-पाच दिवसांत मी गोळी घेतली नाही आणि घरच्यांना मात्र तीच तीच गणितं ऐकवली. मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम छापायचं राहिलं असेल, असंही वाटलं. पण मग १० मायक्रोग्रॅमचे ४०० आययू होतात, १००० नाही. म्हणजे छपाईची चूक धरूनही ताळा बसेना.

शेवटी औषधनिर्मितीत काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्यांनी ओळ वाचली आणि हसल्या. “हे शुद्ध डी३ चं वजन नाही, पावडरचं आहे.” २५ मायक्रोग्रॅम इतकं थोडं असतं की ते सरळ मिसळायला गेलं तर एका गोळीत जास्त आणि दुसरीत काहीच नाही, असं होऊ शकतं. शिवाय शुद्ध डी३ हवेने आणि उजेडाने खराब होतं. म्हणून ते स्टार्च, साखर, तेल अशा पदार्थांत बसवून त्याची पावडर करतात. एका ग्रॅममध्ये एक लाख आययू ही तिची नेहमीची ताकद. शुद्ध डी३ च्या एका ग्रॅममध्ये चार कोटी आययू असतात, म्हणजे ही पावडर त्याच्या चारशेव्या भागाइतकी!

मग हिशेब पुन्हा मांडला. एका ग्रॅमला एक लाख, तर एका मिलिग्रॅमला शंभर आययू. १० मिलिग्रॅम पावडरीत १००० आययू, म्हणजेच २५ मायक्रोग्रॅम. माझा चारशे पटींचा फरक तिथेच विरघळला. त्या फोनवाल्या बाई खरंच बरोबर होत्या. फक्त ‘ते पावडरचं वजन आहे’ एवढं एक वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा ४० ने गुणायचं ते तक्त्यातल्या मायक्रोग्रॅमला, घटकांच्या यादीतल्या मिलिग्रॅमला नाही. लेबलवर मायक्रोग्रॅमसाठी कधी ‘एमसीजी’ असतं, तर कधी शेपटीवालं ग्रीक अक्षर µ. ते घाईत ‘एम’ वाचलं की हजार पटींची गडबड झालीच. आणि तक्त्याच्या डोक्यावर ‘दोन गोळ्यांमागे’ असं लिहिलं असेल, तर आकडा आधी निम्मा करायचा. हे मला नंतर सुचलं, म्हणून पुन्हा बाटली पाहिली. माझ्या बाटलीवर ‘एका गोळीमागे’ होतं, सुटलो.

अ जीवनसत्त्वाला मात्र हा ४० लावू नका. आययू हे वजन नसून परिणामाचं माप आहे, त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा गुणक वेगळा असतो. रक्ताच्या अहवालात नॅनोग्रॅमवरून नॅनोमोलवर जाताना येणारा अडीचचा गुणकही वेगळाच; त्याचा गोळीतल्या मात्रेशी संबंध नाही.

ईमेलला अजून एक उत्तर परवा आलं: ‘आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे.’ मी झाकणावर मार्करने ‘२५ = १०००’ लिहिलंय.